एजन्सीसाठी क्रिएटिव्ह ब्रीफ: आधी आकडा, मग माणूस, मग वाक्य, शेवटी सूर

‘ब्रीफ पाठवलंय, बघून घ्या’ असा मेल येतो. ब्रीफ म्हणजे जाहिरात कशासाठी आणि कुणासाठी हवी ते एजन्सीला सांगणारा कागद. उघडून बघावं तर चाळीस स्लाइड, नाहीतर तीन ओळी. चाळीस स्लाइडमध्ये कंपनीचा इतिहास, कारखान्याचे फोटो आणि स्पर्धकांची यादी असते. तीन ओळींत ‘हटके काहीतरी हवं, तरुणांना आवडेल असं, पण पारंपरिक ग्राहक तुटायला नको’ एवढंच. दोन्हींचा शेवट सारखाच होतो. एजन्सी तीन कल्पना घेऊन येते, तुम्हाला एकही पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. ‘मजा नाही आली’ असं म्हणून सगळे उठतात.

दोष बहुतेक वेळा क्रमात असतो. नमुना-फॉर्मवर वरून पहिला रकाना ब्रँडची ओळख असतो, मग प्रेक्षक, मग संदेश, मग सूर, आणि तळाशी उद्दिष्ट. लोक वरून खाली भरत जातात आणि उद्दिष्टापाशी पोचेपर्यंत दमलेले असतात. तिथे ‘विक्री वाढवणे, ब्रँड अवेअरनेस’ लिहून मोकळे होतात. भरायला सुरुवात तळापासून करा: आधी आकडा, मग माणूस, मग वाक्य, मग सूर. वाचणाऱ्यासाठी मांडणी नंतर कशीही लावा.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. सांगली जिल्ह्यातला भाजणी बनवणारा एक मध्यम उद्योग. पुण्याच्या दुकानांत थालीपीठ भाजणीत त्याचं पाकीट पहिल्या क्रमांकावर. दिवाळीत चकली भाजणी धो-धो जाते, थालीपीठ भाजणी मात्र वर्षभर एकाच पातळीवर. मालकांना पावसाळ्यात जाहिरात करायची आहे. उद्योग आणि त्याचे आकडे मी उदाहरणासाठी बेतलेत. चुका मात्र टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलेल्या आहेत.

## टप्पा १. लिहायला बसण्याआधी: तीन कागद आणि दहा फोन

ब्रीफ लिहायला दोन तास लागतात, तयारीला आठवडा. तयारी टाळली की ब्रीफमध्ये विशेषणं शिरतात, कारण सांगण्यासारखं दुसरं काही हाताशी नसतं.

तीन कागद गोळा करा. पहिला, गेल्या २४ महिन्यांची विक्री, महिन्याप्रमाणे आणि शहराप्रमाणे. इथे एक सापळा आहे. कंपनीतून वितरकाकडे गेलेला माल आणि वितरकाकडून दुकानात गेलेला माल हे दोन वेगळे आकडे असतात. मार्चअखेर वितरकाच्या गोदामात माल कोंबला की पहिला आकडा फुगतो, पण ग्राहकाने एकही पाकीट जास्त घेतलेलं नसतं. ब्रीफसाठी दुसरा आकडा घ्या. दुसरा कागद, पाकिटावर छापलेल्या नंबरवर आलेल्या तक्रारी आणि चौकशा, आहेत त्याच शब्दांत. तिसरा, एका पाकिटामागे खर्च वजा जाता हातात किती उरतात तो आकडा. हा एजन्सीला दाखवायची गरज नाही, पण तुमच्याकडे हवा.

मग दहा ग्राहकांना फोन करा. ‘आमचं उत्पादन कसं वाटतं?’ असं विचारू नका. त्यावर सगळे ‘छान आहे’ म्हणतात, मराठी माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. विचारा: शेवटचं पाकीट कधी आणलं? आत्ता किती उरलंय? शेवटचं थालीपीठ कोणत्या वारी केलं? आमच्या उदाहरणात याच प्रश्नांनी सगळं उलगडलं. दहापैकी सात जणींच्या घरी पाकीट होतं, अर्धं उरलेलं. थालीपीठ शेवटचं केलं होतं रविवारी, तेही तीन-चार आठवड्यांपूर्वी. दोघींनी सांगितलं की मागचं पाकीट खवट झालं म्हणून टाकलं. चवीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, किमतीबद्दलही नव्हती.

मालकांचा अंदाज होता की नव्या पिढीला भाजणी माहीतच नाही. खरी अडचण अशी निघाली की भाजणी घरात आहे, पण लोकांनी तिला रविवारच्या कप्प्यात बसवून टाकलंय.

तपासा: अडचण एका वाक्यात लिहा आणि त्यात तुमच्या कंपनीचं नाव येतं का बघा. ‘आमचा ब्रँड पुरेसा पोचलेला नाही’ ही कंपनीची व्यथा झाली. ‘पाकीट घरात पडून राहतं, कारण थालीपीठ हा रविवारचा खटाटोप वाटतो’ ही ग्राहकाच्या घरातली गोष्ट आहे, आणि जाहिरातीला काम तिथेच मिळतं.

## टप्पा २. आकडा: काय, कितीवरून कितीवर, कधीपर्यंत, कोण मोजणार

उद्दिष्टाच्या वाक्यात या चारही गोष्टी हव्यात. एकही गाळली तर मोहिमेनंतर प्रत्येकजण आपापल्या सोयीचा आकडा काढतो.

आमचं पहिलं वाक्य असं बनलं: पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत जाणारी ५०० ग्रॅमची थालीपीठ भाजणी, गेल्या वर्षीच्या जून ते ऑगस्टच्या सरासरीवरून, म्हणजे महिन्याला ४०,००० पाकिटांवरून, यंदाच्या जून ते ऑगस्टमध्ये ५०,००० पाकिटांवर न्यायची, मोजणी वितरकांच्या बिलांवरून, विक्रीप्रमुख करणार.

आता हे वाक्य पैशाला घासून बघायचं. महिन्याला १०,००० पाकिटं जास्त, तीन महिन्यांत ३०,०००. पाकिटामागे ३५ रुपये उरत असतील तर १०,५०,००० रुपये. जाहिरातीसाठी बाजूला काढलेत १५,००,०००. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं तरी तीन महिन्यांत खर्च निघत नाही. निघायला सुमारे ४३,००० जास्तीची पाकिटं लागतात, आणि त्याला वाढलेली पातळी सव्वाचार महिने टिकावी लागते. मालकांना हे ब्रीफ लिहितानाच कळलं पाहिजे. त्यांनी ‘चालेल, सवय लागली तर पुढे फायदाच आहे’ म्हटलं तर उत्तम. नाहीतर खर्च कमी करा किंवा आकडा बदला. मोहीम संपल्यावर हा हिशेब करण्यात अर्थ नसतो. तेव्हा फक्त दोष द्यायला माणूस शोधला जातो.

सणांचं एक गणित लक्षात ठेवा. खाण्याच्या वस्तूंत मागच्या महिन्याशी तुलना करू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलनाही फसवते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरच्या सुमारास आलं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरच्या सुमारास, आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. फराळाची खरेदी दरवर्षी वेगळ्या आठवड्यांत पडते. म्हणून दिवाळीच्या मालासाठी ‘दिवाळीआधीचे सहा आठवडे’ असं मोजा. आम्ही जून ते ऑगस्ट घेतल्यामुळे या कटकटीतून सुटलो.

पण तीन महिन्यांत विक्री वाढली तर ती जाहिरातीने वाढली, हे कशावरून? स्पर्धकाचा माल तुटला असेल, दुकानदारांना तुम्हीच योजना दिली असेल. म्हणून एक शहर जाहिरातीशिवाय ठेवा. आमच्याकडे ते नाशिक. तिथे महिन्याला ९,००० पाकिटं जातात. किंमत आणि दुकानदारांच्या योजना दोन्हीकडे सारख्याच ठेवायच्या. पुण्यात २५ टक्के वाढ झाली आणि नाशिकमध्येही २० टक्के झाली, तर जाहिरातीच्या नावावर २५ टक्के लिहायचे नाहीत.

विक्रीच्या आकड्याखाली एक छोटा, वागणुकीचा आकडाही हवा. विक्रीवर किंमत, साठा, पाऊस सगळ्याचा परिणाम होतो. जाहिरात थेट बदलू शकते ती माणसाची वागणूक. मोहिमेआधी पुण्यातल्या २०० ग्राहकांना फोन करून विचारायचं: गेल्या सोमवार ते शुक्रवारात घरी थालीपीठ झालं का? समजा ३६ जण हो म्हणाले. मोहिमेनंतर वेगळ्या २०० जणांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा, आणि उद्दिष्ट ६०. एवढ्या संख्येत पाच-सात जणांचा फरक योगायोगानेही पडतो, त्यावर पेढे वाटू नका.

सावधान: ‘दहा लाख व्ह्यूज’ हे उद्दिष्ट नव्हे. ते पैसे देऊन विकत मिळतात. पोच, म्हणजे जाहिरात किती जणांपर्यंत गेली, हा माध्यमाच्या नियोजनाचा आकडा आहे, तो माध्यमाच्या कागदावर लिहा.

## टप्पा ३. माणूस: वयोगट लिहून थांबायचं नाही

आकडा ठरला की प्रश्न सोपा होतो: हा आकडा कुणाच्या वागण्यातून हलेल? जास्तीची १०,००० पाकिटं तीन प्रकारच्या लोकांकडून येऊ शकतात. ज्यांनी कधीच भाजणी आणली नाही ते, जे दुसऱ्याची आणतात ते, आणि जे आपलीच आणतात पण क्वचित वापरतात ते. फोनवरच्या उत्तरांनी तिसरा गट दाखवला. तोच घ्यायचा. तिघांनाही घ्यायचा मोह होतो, कारण कुणालाही सोडणं म्हणजे विक्री सोडणं असं वाटतं. जाहिरात बाकीचे बघणारच असतात, तुम्ही ती त्यांच्यासाठी बेतत नाही एवढंच.

मालकांनी लिहिलं होतं: ‘महिला, २५ ते ५५, मध्यम व उच्च मध्यम वर्ग.’ माध्यमाची जागा विकत घेणाऱ्याला अशी वर्गवारी लागते. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरातल्या टिकाऊ वस्तू यांवरून ठरणारी एनसीसीएस वर्गवारीही त्याला द्या. पण जाहिरात लिहिणाऱ्या कॉपीरायटरला त्यातून काही दिसत नाही. त्याला एक संध्याकाळ द्या.

आम्ही दिलेली संध्याकाळ अशी: ‘ती छत्तीस वर्षांची, नवरा चाळीसचा, दोघंही नोकरीला, राहणं वाकडच्या बाजूला. पावसात पूल तुंबला की घरी यायला पावणेआठ होतात. पोळ्यांच्या मावशींनी आज दांडी मारली आहे. फ्रिजमध्ये दुपारची आमटी आहे. मुलगा विचारतोय, जेवायला काय? हात आपोआप फोनकडे जातो, बाहेरून मागवायला. ओट्यावरच्या कपाटात भाजणीचं अर्धं पाकीट आहे. ते तिला आठवत नाही, आणि आठवलं तरी ‘आता कोण थापत बसेल’ असं वाटतं. थालीपीठ सगळ्यांना आवडतं. आई करायची ते रविवारी, लोण्याचा गोळा ठेवून.’

या परिच्छेदात खरा स्पर्धक कोण तेही आलं. तो दुसऱ्या कंपनीची भाजणी नाही. बाहेरून मागवलेलं जेवण आणि झटपट नूडल्स आहेत.

तपासा: परिच्छेद वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्याने ‘अरे, ही तर आमची अमुक’ असं म्हटलं पाहिजे. आणि त्यात तुमचं उत्पादन सोडून निदान एक तरी अडचण खरी हवी. ‘ती आधुनिक आहे पण परंपरा जपते’ हे वाक्य सापडलं तर खोडा. ते साडी, सोनं, बँक आणि फ्लॅट या चारही ब्रीफमध्ये मी वाचलेलं आहे.

## टप्पा ४. एक वाक्य: सात चिठ्ठ्यांतून एक

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून जरा थांबून जाऊ.

मालकांकडे सांगायच्या सात गोष्टी होत्या: सात धान्यं आणि कडधान्यं, मंद आचेवर भाजणी, परिरक्षक नाही, पौष्टिक, पारंपरिक पाककृती, नवीन बंद होणारं पाकीट, आणि झटपट. प्रत्येक खरी होती. त्या सात चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि प्रत्येक चिठ्ठी उचलून एकच प्रश्न विचारला: हे कळल्यामुळे ती मंगळवारी रात्री तवा ठेवेल का? सात धान्यांमुळे नाही ठेवणार. पौष्टिक आहे हे तिला आधीच ठाऊक आहे. बंद होणाऱ्या पाकिटाने पीठ टिकेल, दुकानात उपयोग होईल. ते पाकिटावर छापायचं. उरली ‘झटपट’ची चिठ्ठी.

पण ‘झटपट’ हा शब्द ब्रीफमध्ये टाकून भागत नाही. किती झटपट? आम्ही स्वयंपाकघरात घड्याळ लावलं. कांदा-कोथिंबीर चिरण्यापासून पहिलं थालीपीठ ताटात यायला पंधरा-सोळा मिनिटं लागली. पण चौघांसाठी आठ थालीपीठं दोन तव्यांवर करायला चाळीस मिनिटं गेली. म्हणजे ‘पंधरा मिनिटांत जेवण तयार’ हे खोटं ठरतं. एजन्सीने ते लिहिलं असतं आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी स्वयंपाकघरातून व्हिडिओ टाकला असता. शिवाय तवा तापल्यावर प्रत्येक थालीपीठ झाकण ठेवून आपलं आपण होत असतं, तेवढ्या वेळात दुसरं थापता येतं. हा तपशील ब्रीफमध्ये लिहिला. जाहिरातीची कल्पना अशाच तपशिलातून सुचते, ‘झटपट’मधून सुचत नाही.

शेवटी वाक्य असं झालं: घरात भाजणी असेल तर कामाच्या दिवशीही रात्री गरम थालीपीठ होतं, रविवारची वाट बघायला नको.

ही जाहिरातीची ओळ नाही. ब्रीफमधलं वाक्य साधं, थोडं बेंगरूळ असलं तरी चालतं. तुम्हीच यमक जुळवून घोषवाक्य लिहून दिलंत तर एजन्सीकडे त्याला सजवण्यापलीकडे काम उरत नाही. मालकांनी लिहिलेल्या यमकापुढे ‘सर, मस्तच’ म्हणून माना डोलावणाऱ्या बैठका मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

वाक्याच्या तीन परीक्षा घ्या. पहिली ‘आणि’ची. वाक्यात ‘आणि’, ‘तसेच’, ‘शिवाय’ आलं की बहुधा दोन संदेश चिकटवलेले असतात. दुसरी उलट्याची. वाक्य उलटं करून बघा: ‘आमची भाजणी दर्जेदार आहे’ याचं उलटं कुणीच म्हणणार नाही, म्हणून ते म्हणण्यात काही बातमी नाही. ‘थालीपीठ रविवारीच होतं’ असं मात्र लोक खरोखर म्हणतात. तिसरी नावाची. वाक्याखाली स्पर्धकाचं नाव लिहून बघा.

तिसऱ्या परीक्षेत आमचं वाक्य नापास होतं. कुठल्याही भाजणीला ते लागू पडतं. तरी आम्ही ते ठेवलं, कारण पुण्याच्या दुकानांत हेच पाकीट पहिल्या क्रमांकावर आहे, आणि थालीपीठं जास्त झाली तर वाढीचा मोठा हिस्सा याच्याकडे येतो. तुम्ही चौथ्या क्रमांकावर असाल तर हेच वाक्य लिहून पहिल्याची विक्री वाढवाल. मग बंद होणाऱ्या पाकिटाची चिठ्ठी पुन्हा उचला: ‘उरलेली भाजणी खवट होत नाही.’

### पुरावा वाक्याला लागूनच

संदेशाखाली ‘हे खरं कशावरून’ असा रकाना ठेवा आणि त्यात घड्याळाची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, जे असेल ते लिहा. खाद्यपदार्थांना इथे जास्त जपावं लागतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांत ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ अशा शब्दांना अटी आहेत, आणि घरी केल्यासारखा चुकीचा समज करून देणारे शब्द वापरायला मनाई आहे. मराठी खाद्यजाहिरातीत ‘घरगुती’ आणि ‘पारंपरिक’ हे तर मीठ-मोहरीसारखे पडतात. त्यामुळे ब्रीफमध्येच लिहा: हे शब्द कायद्याच्या सल्ल्याशिवाय नकोत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि आस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेकडे तक्रार गेली तर दाव्याचा आधार तुम्हालाच द्यावा लागतो.

सावधान: पुरावा नसलेला दावा ‘एजन्सी बघून घेईल’ म्हणून पुढे ढकलू नका. आकडा तुमच्या कारखान्यातून येतो, एजन्सीकडून नाही.

## टप्पा ५. सूर: विशेषणं नकोत, दोन वाक्यं द्या

‘सूर: उबदार, आधुनिक, विश्वासार्ह, थोडा खेळकर.’ हे वाचून दहा कॉपीरायटर दहा वेगळ्या जाहिराती लिहितील आणि दहाही ब्रीफमध्ये बसतील. सूर सांगायचा तर कोण कुणाशी बोलतंय ते लिहा, आणि एक चालणारं व एक न चालणारं वाक्य द्या.

आमच्याकडे बोलणारी व्यक्ती आहे त्याच इमारतीतली मैत्रीण, तीही आत्ताच ऑफिसातून आलेली. हक्काने ‘तू’ म्हणते. उपदेश करत नाही.

चालेल: ‘मावशी नाही आल्या? मग तवा ठेव, मी कांदा चिरते.’
चालणार नाही: ‘धकाधकीच्या जीवनात जपा आपल्या मातीची चव.’

दुसऱ्या वाक्यात चूक काहीच नाही, पण आठ वाजता दमून आलेल्या माणसाशी असं कुणी बोलत नाही. ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ब्रीफमध्येच ठरवून टाका, कारण नंतर पोस्टरवर ‘तुम्ही’, रेडिओवर ‘तू’ आणि पाकिटावर ‘आपण’ असा गोंधळ होतो.

सुरातच काय टाळायचं तेही येतं. आम्ही लिहिलं: नऊवारीतली आजी नको, तुळशीवृंदावन नको, एकटीच राबणारी सून नको, जो आधी घरी पोचला तो तवा ठेवतो. शेवटची अट मालकीणबाईंनी घातली, आणि तिने कल्पनेला सगळ्यात जास्त वाव दिला.

जाहिरात मराठीत करायची असेल तर ब्रीफही मराठीत लिहा. इंग्रजी ब्रीफवरून हिंदीत सुचलेली ओळ शेवटच्या रात्री मराठीत ‘करून’ घेतली जाते, आणि मग बसच्या पाठीवर ‘आता आनंदाला म्हणा हो!’ छापून येतं. मूळ मराठीत विचार करणारा कॉपीरायटर या कामावर असेल, ही अटच घाला.

## टप्पा ६. बाकीचे रकाने, थोडक्यात

खर्चाचा आकडा लिहा, आणि तो १८ टक्के जीएसटी धरून की सोडून तेही लिहा. १५ लाखांवर ते २,७०,००० होतात. निर्मितीचा आणि माध्यमाचा खर्च वेगळा दाखवा. आकडा लपवून ‘तुम्ही आधी कल्पना द्या’ म्हटलं की हेलिकॉप्टरमधून थालीपीठ पडताना दिसतं.

काय काय हवं त्याची यादी: इथे ३० आणि १० सेकंदांचा व्हिडिओ, रेडिओची एक जाहिरात, दुकानातलं एक पोस्टर. तारखा उलट्या मोजा, पहिल्या प्रसारणापासून मागे.

व्यवहारातल्या अडचणी लिहा. आमची अशी होती: आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात काही घरांत कांदा बंद असतो. त्यामुळे निदान एका जाहिरातीत कांद्याऐवजी दुधी किंवा काकडी हवी. आणि उपवासाची भाजणी हे वेगळं उत्पादन आहे, दोन्हींची गल्लत होऊ नये.

सर्वांत शेवटी मंजुरी कोण देणार त्याचं नाव. एकच. पाच जणांना दाखवा, पण सही एकाची.

## टप्पा ७. एका पानावर

आतापर्यंतचं सगळं एका पानात बसवायचं. आमचं पान असं झालं:

काम: थालीपीठ भाजणी, पावसाळी मोहीम, पुणे व पिंपरी-चिंचवड.
अडचण: पाकीट घरात पडून राहतं, कारण थालीपीठ हा रविवारचा खटाटोप वाटतो.
उद्दिष्ट: दुकानांत जाणारी पाकिटं महिन्याला ४०,००० वरून ५०,०००, जून ते ऑगस्ट, तुलना नाशिकशी. सोमवार ते शुक्रवारात थालीपीठ करणारे २०० पैकी ३६ वरून ६०.
कुणाशी बोलायचं: वाकडचं जोडपं, रात्रीचे पावणेआठ, मावशींची दांडी. (संध्याकाळचा परिच्छेद पूर्ण.)
आत्ता काय वाटतं: ‘आता कोण थापत बसेल.’
नंतर काय वाटावं: ‘मावशी नाहीत? मग थालीपीठ करू.’
एकच संदेश: घरात भाजणी असेल तर कामाच्या दिवशीही रात्री गरम थालीपीठ होतं, रविवारची वाट बघायला नको.
कशावरून: चिरण्यापासून पहिलं थालीपीठ ताटात, पंधरा-सोळा मिनिटं. एक झाकणाखाली होत असताना दुसरं थापता येतं. ‘पंधरा मिनिटांत जेवण’ म्हणायचं नाही.
सूर: इमारतीतली मैत्रीण, ‘तू’. (दोन्ही नमुना वाक्यं.)
अटी: एक जाहिरात कांद्याशिवाय. ‘घरगुती’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ नको.
खर्च, यादी, तारखा, मंजुरी: मागच्या पानावर.

तपासा: उद्दिष्ट ते सूर सलग वाचा. प्रत्येक ओळीनंतर ‘म्हणून’ घालता आलं पाहिजे. ज्या जागी ‘म्हणून’ अडखळतं तिथे तुम्ही मध्येच दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला आहात. आमच्या पहिल्या मसुद्यात ते सुराशी अडखळलं होतं: माणूस वाकडचा आणि आवाज आकाशवाणीचा.

## टप्पा ८. ब्रीफ देणं आणि परत ऐकणं

कागद मेलने पाठवून ब्रीफ देऊन झालं असं समजू नका. कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर समोर असताना द्या. फक्त क्लायंट सर्व्हिसिंगच्या, म्हणजे एजन्सीतर्फे तुमच्याशी बोलणाऱ्या, माणसाला सांगितलं तर पुढे निरोप्याचा खेळ होतो. आम्ही बैठक स्वयंपाकघरात घेतली आणि आर्ट डायरेक्टरला थालीपीठ थापायला लावलं. पहिलं फाटलं. ओला रुमाल वापरायचा असतो हे त्याला तेव्हा कळलं, आणि हाच फाटका तुकडा पुढे कल्पनेत आला.

मग एजन्सीकडून दोन दिवसांत उलट ब्रीफ मागवा: आम्हाला काय समजलं ते त्यांच्या शब्दांत, अर्ध्या पानात. त्यात संदेश बदललेला दिसला तर तिथेच थांबवा. आमच्याकडे ‘झटपट आणि पौष्टिक’ असं परत आलं होतं. पौष्टिक खोडलं. ‘का?’ असं विचारणाऱ्याला चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. ही दुरुस्ती फुकट होते. चित्रीकरणानंतर तीच केली तर पूर्ण दिवसाचं भाडं जातं.

सावधान: उलट ब्रीफवर दोन्हीकडची सही झाल्यावर तुम्हाला संदेश बदलावासा वाटला, तर फोनवर सांगू नका. नवीन ब्रीफ लिहा, नवीन तारीख टाका, आणि आधीच्या कामाचे पैसे द्या.

## टप्पा ९. कल्पना बघायच्या दिवशी

ब्रीफचं पान छापून टेबलावर ठेवा आणि कल्पना दाखवण्याआधी कुणालातरी ते मोठ्याने वाचायला सांगा. मधल्या तीन आठवड्यांत तुम्हीच ते विसरलेले असता.

प्रत्येक कल्पनेनंतर खोलीतल्या सगळ्यांनी, बोलण्याआधी, एका चिठ्ठीवर लिहायचं: ‘यातून मला काय सांगितलं गेलं?’ मग चिठ्ठ्या उघडायच्या. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘कामाच्या दिवशीही थालीपीठ होतं’ या अर्थाचं काही असेल तर कल्पना बरोबर रस्त्यावर आहे, मग तुम्हाला रंग आवडो न आवडो. चिठ्ठ्यांवर ‘नवरा-बायकोचं प्रेम’, ‘पुण्याचा पाऊस’, ‘आईची आठवण’ असं विखुरलेलं आलं तर जाहिरात कितीही गोड असली तरी परत पाठवा. परत पाठवताना ब्रीफमधल्या कुठल्या ओळीपाशी ती सुटली ते सांगा. ती ओळ दाखवता येत नसेल तर दोष ब्रीफमध्ये शोधा आणि तो भाग एजन्सीसमोरच पुन्हा लिहा.

आमच्या तीन कल्पनांपैकी सगळ्यांना आवडलेली पहिली होती: पावसात अडकलेली बस, आत सगळे थालीपीठाच्या आठवणी सांगतात. आठपैकी सहा चिठ्ठ्यांवर ‘आठवण’ आली. ती बाजूला ठेवली. तिसरी साधी होती: स्वयंपाकघर, भिंतीवरचं घड्याळ, ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच, आणि नवरा पहिलं थालीपीठ फाडून ठेवतो. आठपैकी सातांनी लिहिलं, ‘कधीही करता येतं.’ आठवी चिठ्ठी मालकांची. त्यावर होतं, ‘आपलं पाकीट नीट दिसत नाही.’ ते खरं होतं, आणि पाकीट घड्याळाखाली सरकवलं.